दुसऱ्याचा फोटो बघून पोटात कालवतं तेव्हा: स्वतःपुरतं एक खरं वाक्य कसं लिहायचं

रात्री अंथरुणावर पडून फोन चाळताना वर्गमित्राच्या नव्या फ्लॅटचा फोटो समोर येतो आणि क्षणात आपलं घर, आपली नोकरी, आपलं वय सगळंच खुजं वाटायला लागतं. अशा माणसांशी मी गेली नऊ वर्षं बोलते आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं समुपदेशनाचं छोटं केंद्र आहे आणि येणाऱ्यांत पंचवीस ते पस्तीस वयाची मुलं-मुली सगळ्यांत जास्त असतात. त्यातले बरेच जण कुठंतरी ऐकून अफर्मेशन, म्हणजे स्वयंसूचना, करून आलेले असतात. आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे' शंभरदा म्हणायचं, असं त्यांना सांगितलेलं असतं. आठ दिवसांनी ते सोडून देतात आणि 'हेही मला जमलं नाही' ही एक भर पदरात पडते.

दोष त्यांचा नसतो, वाक्याचा असतो. म्हणून वाक्य कसं घडवायचं, ते मनानं धरलं की फेकून दिलं हे कसं ओळखायचं आणि ते नेमकं कधी म्हणायचं, एवढ्यावरच हा लेख आहे. वही, पेन आणि दोन आठवडे लागतील.

उदाहरण म्हणून एका मुलाची गोष्ट घेते. त्याची परवानगी आहे, नाव मात्र सांगत नाही. वय एकोणतीस, मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर काम. घर मंगळवार पेठेत. पहिल्या भेटीत तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मला कोण काय बोलत न्हाई. मीच मला बोलतोय."

आधी चार-पाच दिवस फक्त टिपून ठेवा

वाक्य लिहायची घाई करू नका. आधी टोचतं नेमकं काय, हे कळू दे. फोन बघताना पोटात कालवलं, छाती जड झाली, चिडचिड झाली की वहीत तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, समोर काय होतं आणि त्या क्षणी मन काय बोललं. तिसरी गोष्ट जशीच्या तशी, आपल्याच बोलीत. 'मला न्यूनगंड वाटला' असं पुस्तकी लिहिलं की हाताला काहीच लागत नाही.

त्या मुलाच्या वहीतल्या तीन नोंदी अशा होत्या:

मंगळवार, रात्री ११.२०. डिप्लोमाच्या मित्राचा पुण्यातला फ्लॅट, वास्तुशांतीचे फोटो. "सगळी फुडं गेली, मीच हितं कुजतोय."

गुरुवार, जेवणाची सुट्टी. दुसरा मित्र जर्मनीत, बर्फात उभा. "माझ्याच्यानं काय हुईत न्हाई."

शनिवार, रात्री १२. परत तोच फ्लॅट. यावेळी तो स्वतः शोधून बघितला. "वय निघून चाललंय."

नोंदी समोर ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. तीनपैकी दोन वेळा रात्र होती आणि तो दमलेला होता. आणि टोचणारी माणसं मोजकीच होती, सगळी त्याच्याच बाकावरची. बड्या उद्योगपतीचा बंगला बघून त्याला काही वाटत नव्हतं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली हेच मांडलं होतं. स्वतःचं माप घ्यायला दुसरं साधन नसलं की माणूस दुसऱ्या माणसाशी तुलना करतो आणि त्यासाठी आपल्यासारखाच कुणीतरी निवडतो. एकाच वर्गातून, एकाच गल्लीतून निघालेला माणूस म्हणून जास्त लागतो.

म्हणूनच ही टिपणं लागतात. सगळं जग पुढं गेलं असं वाटत असलं तरी वहीत तीन-चार नावंच निघतात. माझ्या अनुभवात सहाच्या वर क्वचित.

घटना आणि निकाल वेगळे करा

आता प्रत्येक नोंदीत रेघ मारायची. डावीकडं घडलेली गोष्ट, उजवीकडं मनानं दिलेला निकाल. मित्रानं फ्लॅट घेतला, ही घटना. मी कुजतोय, हा निकाल. मधे काय झालं? मित्राच्या आयुष्यातला एक दिवस, तोही तोरण लावलेला, आपल्या सगळ्या दिवसांशेजारी ठेवला गेला.

इथं बहुतेक जण एक चूक करतात. लगेच त्या मित्राचं उणं शोधायला लागतात. 'वीस वर्षांचं कर्ज असणार', 'बायकोशी पटत नसणार'. दोन मिनिटं बरं वाटतं, पण तीही तुलनाच आहे, फक्त उलट्या दिशेनं केलेली. शिवाय पुढच्या वेळी त्याचं कर्ज फिटल्याचं कळलं तर आपण पुन्हा खाली. म्हणून आपल्या वाक्यात दुसरा माणूस येता कामा नये. 'त्याच्यापेक्षा', 'कुणापेक्षा', 'सगळ्यांसारखं' हे शब्द दिसले की खोडा. हा नियम मी कुणालाच सोडत नाही.

वाक्य लिहा आणि मनाला काय म्हणायचं ते म्हणू द्या

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथं वेळ द्या. त्या मुलानं पहिलं वाक्य लिहिलं, "मी यशस्वी आहे, मी कुणापेक्षा कमी नाही." मी त्याला ते मोठ्यानं म्हणायला लावलं आणि लगेच विचारलं, मन काय बोललं? तो खाली बघत म्हणाला, "कशाचं यशस्वी, असं बोललं."

हे उत्तर महत्त्वाचं आहे. कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना ठरावीक वेळानं वाजणाऱ्या घंटेबरोबर 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' अशा अर्थाचं वाक्य मनात म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच चांगलं मत होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज आहे, त्यालाच मोठं वाक्य उलटं लागतं. वाक्य जेवढं फुगवलेलं, तेवढा मनाचा विरोध तगडा.

म्हणून वाक्य खाली आणायचं. त्याचं दुसरं वाक्य होतं, "मी रोज पुढं जातोय." ऐकायला बरं. पण त्याच आठवड्यात मशीनला द्यायचं टूलचं माप, म्हणजे ऑफसेट, चुकून चार जॉब, म्हणजे घडवायचे भाग, रिजेक्ट झाले. त्या संध्याकाळी हे वाक्य सरळ खोटं ठरलं. 'रोज', 'नेहमी', 'कधीच' हे शब्द असे दगा देतात.

तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, आज खरी असलेली आणि मी येऊन बघितली तर दिसेल अशी गोष्ट सांग. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दोन वर्षांमागं तो नुसता ऑपरेटर होता. सेटरनं मशीन लावून द्यायचं, यानं जॉब चढवायचा, बटण दाबायचं, जॉब उतरवायचा. आता ड्रॉइंग वाचून जॉब बांधणं, टूलचे ऑफसेट घेणं, पहिला पीस काढून व्हर्नियरनं मोजून पास करून घेणं, सगळं तो एकटा करतो. हे सांगताना त्याचे हात हवेत जॉब बांधत होते. मी म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं:

"दोन वर्षांमागं मला मशीन लावून द्यायला माणूस लागायचा. आता सेटिंग मी एकट्यानं करतो."

मोठ्यानं म्हणाला, थांबला. मन काय बोललं? "काय न्हाई बोललं. व्हय म्हटलं."

कसोटी ही एवढीच. वाक्य म्हणा आणि दोन श्वास थांबा. आतून 'हट्', 'खोटं', 'पण' असं काही आलं तर वाक्य अजून मोठं आहे, आणखी उतरवा. आतून गप्प राहिलं किंवा नुसतं 'हं' आलं तर ते धरा. आनंद व्हायला पाहिजे अशी अट नाही. आनंदाची वाट बघणारे चांगली वाक्यं टाकून देतात.

नोकरी नसलेल्या, परीक्षेच्या तयारीत असलेल्या किंवा घर सांभाळणाऱ्या वाचकांना वाटेल की आपल्याकडं असं सांगण्याजोगं काय आहे. उत्तर शोधायचं ठिकाण तेच: वर्षापूर्वी जे जमत नव्हतं आणि आज हातून होतं. माझ्याकडं आलेल्या एका बाईंचं वाक्य होतं, "बँकेचा फॉर्म मी आता कुणाला न विचारता भरते." ते त्यांना पुरलं.

दुसरी ओळ दुखऱ्या जागेपासून लांबची

एक ओळ झाली. आता अजून एक, पण मुद्दाम वेगळ्या बाजूची. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ साली मांडलेला विचार असा, की एका बाजूनं मार बसला की माणूस आपल्याला मोलाच्या असलेल्या दुसऱ्या गोष्टीकडं बघून सावरू शकतो. त्यानंतरच्या बऱ्याच प्रयोगांत लोकांना घोषवाक्यं दिली नव्हती. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं काय आणि का, हे त्यांना थोडा वेळ लिहायला सांगितलं होतं. तेच करा. नोकरीवरून टोचत असेल तर नोकरीचा विषय बाजूला ठेवून दहा मिनिटं लिहा: कुठं गेलं की मी घड्याळ बघत नाही? मी गेलो नाही तर कुणाचं अडतं?

या मुलानं पानभर फुटबॉलबद्दल लिहिलं. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या मुलाला ते वेगळं शिकवावं लागत नाही, तालमीची टीम आणि शाहू स्टेडियम रक्तातच असतं. तो स्वतः मोठा खेळाडू झाला नाही. पण दर रविवारी सकाळी गल्लीतल्या बारक्या पोरांना गांधी मैदानावर घेऊन जातो, फाटलेला बॉल स्वतः शिवून आणतो आणि कोण कुठल्या पायानं मारतो हे त्याला पाठ आहे. या गोष्टीचा एकही फोटो त्यानं कधी टाकलेला नव्हता. त्यातून दुसरी ओळ निघाली: "रविवारी पोरं माझी वाट बघत उभी असतात."

असा प्रश्न मी सगळ्यांना विचारते: ज्याचा फोटो तुम्ही कधी टाकला नाहीत, असं तुमचं काय आहे? माझ्या अनुभवात मजबूत ओळ बहुतेक वेळा तिथंच सापडते.

कधी म्हणायचं ते आधीच ठरवा

शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे एक गृहस्थ स्वयंसूचना शिकवत. ते लोकांना वीस गाठींची दोरी घ्यायला सांगत आणि सकाळ-संध्याकाळ एकेक गाठ सरकवत वाक्य म्हणायला लावत. आपल्याला जपमाळ माहीत असल्यामुळं ही कल्पना लगेच पटते. पण नामस्मरणाची गोष्ट निराळी, तिथं श्रद्धा असते. इथं वाक्याला वेळेवर पोचायचंय. सकाळी आंघोळीनंतर वीस वेळा म्हटलेलं वाक्य रात्री ११.२० ला आठवेलच असं नाही.

म्हणून वाक्य त्या क्षणालाच बांधून ठेवा. 'असं झालं, की मी असं करणार' अशी जोडी करायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या अभ्यासांत असं आधीच बांधून ठेवलेलं काम पार पडायची शक्यता वाढलेली दिसते. मुलाची जोडी अशी होती: "फोनवर कुणाचं बघून पोटात कालवलं, की फोन उलटा ठेवणार, वाक्य एकदा म्हणणार आणि उठून फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणार." एकदाच, सावकाश. शेवटी हातापायाची हालचाल ठेवायचीच. वाक्य म्हणून परत त्याच फोटोकडं बघत राहिलं तर ते टिकत नाही.

डोकं फार तापलेलं असेल तर 'मी'ऐवजी स्वतःला नावानं हाक मारा. समजा घरी बाळू म्हणतात, तर "बाळू, सेटिंग तू एकट्यानं करतोस की." मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या गटानं २०१४ साली दाखवलं, की स्वतःशी नावानं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगात स्वतःकडं थोडं लांबून बघता येतं. मला यात घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज ऐकू येतो. जवळच्याला आपण जसं समजावतो, तसं.

फोनमधली तीन-चार नावं

वाक्याला एकट्यानं लढायला लावू नका. वहीतली तीन-चार नावं काही आठवडे नजरेआड करा. इन्स्टाग्रामवर त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन `Following` दाबलं की `Mute` येतं. त्यात पोस्ट आणि स्टोरी दोन्ही बंद करता येतात. त्याला कळत नाही, मैत्री तुटत नाही. व्हॉट्सॲपवर त्याच्या स्टेटसवर बोट दाबून धरलं की तेच मिळतं. २०१८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात एका गटानं तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं. त्यांचं एकटेपण आणि उदासी कमी झाली. पूर्ण बंद करायची गरज पडली नाही, हे मला त्यातलं विशेष वाटतं.

मुलानं तीन नावं म्यूट केली. चौथा मित्र खरा जिवाचा होता. त्याला मात्र फोन करून फ्लॅटबद्दल अभिनंदन केलं आणि अर्धा तास बोलला. फोटोला घाबरणं आणि माणसाला टाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी करू नका.

कुठं बिघडतं

पहिलं, वाक्य स्टेटसला टाकलं जातं. हे मी फार बघते. टाकल्यावर किती जणांनी बघितलं हे मोजणं सुरू होतं आणि ज्यातून सुटायचं होतं त्यातच वाक्य अडकतं. ते वहीत किंवा पाकिटात घडी घालून ठेवा.

दुसरं, वाक्याचा चाबूक होतो. 'मी रोज दोन तास अभ्यास करते' असं लिहिलं आणि एक दिवस राहिला की रडू. ते वाक्य नव्हतं, वेळापत्रक होतं. वेळापत्रक भिंतीवर लावा, वाक्यात आणू नका.

तिसरं जरा अवघड आहे. कधीकधी टोचणं बरोबर असतं. या मुलाचा पगार त्याच्या कामाच्या मानानं खरंच कमी होता. सेटरचं काम आणि ऑपरेटरचा पगार. अशा वेळी मन शांत करणारं वाक्य म्हणत बसणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणं. कसोटी अशी: फोन बंद असताना, पोट भरलेलं असताना, सकाळच्या वेळीही तीच गोष्ट खटकते का? खटकत असेल तर तो तुलनेचा त्रास नाही, ते राहिलेलं काम आहे. त्याला वाक्य नको, तारीख द्या. त्यानं सेटिंगच्या कामांची यादी लिहून मालकांकडं जायचा दिवस ठरवला.

चौथं, वाक्य गुळगुळीत होतं. तीन-चार आठवड्यांनी ते नुसतं ओठांवर येतं, आत काही हलत नाही. तेव्हा जोर लावू नका, नवीन लिहा.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगते. दोन आठवडे जवळजवळ रोज झोप उडाली असेल, भूक मेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नको असा विचार एकदाही मनात आला असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. आजच फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा.

पंधरा दिवसांनी वही उघडा

बदल मोजायचा तो टोचलं की नाही यावरून नको, टोचणं किती वेळ टिकलं यावरून. सुरुवातीच्या नोंदीशेजारी त्यानं अंदाजे वेळ लिहिली होती: फ्लॅटच्या फोटोनंतर दीड तास झोप नाही. सोळाव्या दिवशी एका मित्राच्या नव्या गाडीचा फोटो दिसला. नोंद होती, "टोचलं. फोन बाहेर ठेवला. दहा-पंधरा मिन्टं. मग झोपलो."

मालकांशी बोलणं झालं. पगार लगेच वाढला नाही, पण कामाचं नाव बदललं, सेटर म्हणून नोंद झाली. त्या संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून त्यानं वहीतलं जुनं वाक्य खोडलं आणि खाली नवीन लिहून मला फोटो पाठवला. अक्षर वेडंवाकडं होतं, बहुतेक मांडीवर वही ठेवून लिहिलं असावं:

"मालकांसमोर बसून मी माझ्या तोंडानं मागितलं. रविवारी पोरांना डावा पाय शिकवायचाय."